एकच इंडक्शन, पूर्ण जेवण: भांडी, वॉट आणि पहिल्या आठवड्यातल्या चुका

मुंबईत इंडक्शन घरात येतं त्याची कारणं वेगवेगळी असतात. कुणाला भाड्याच्या खोलीत मालक सिलिंडर ठेवू देत नाही, कुणाची नवीन जागेत पाइप गॅसची जोडणी रखडलेली असते, तर कुणाला गॅससोबत एक जादा शेगडी हवी असते. पण सुरुवातीचे सात-आठ दिवस सगळ्यांचे सारखेच जातात. दूध उतू जातं, पोहे मधोमध करपतात, चार शिट्ट्या होऊनही डाळ कच्ची राहते आणि पोळी कडेला पांढरी दिसते. मग शेगडीच्या नावाने बोटं मोडली जातात. या सगळ्याचं मूळ दोनच गोष्टींत असतं: भांड्याचं बूड आणि पॅनलवरच्या आकड्याचा खरा अर्थ.

आधी शेगडी कशी चालते ते थोडक्यात. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज वाहते आणि त्यामुळे काचेच्या वर बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. चुंबकाला दाद देणाऱ्या धातूचं बूड त्यात आलं की बुडातच वीज फिरू लागते आणि बूड स्वतः तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. गॅसची ज्योत भांड्याच्या बाजूंनी वर चढते, तसं इथे काही होत नाही. उष्णता फक्त बुडाला मिळते, तीही वेटोळ्याच्या आकाराच्या गोलात. पुढचं सगळं यावरून येतं.

प्लग कुठे लावायचा

घरातल्या इंडक्शनवर बहुतेक वेळा 1200 ते 2100 वॉटचा आकडा लिहिलेला असतो. 2000 वॉटची शेगडी 230 व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढते. मिक्सरचा, मोबाइल चार्जरचा जो लहान सॉकेट असतो तो 6 अँपिअरचा. त्याला कन्व्हर्टर लावून जाड पिनांचा प्लग घुसवला की दोन-चार दिवस चालतं आणि मग सॉकेट पिवळा पडतो, जळका वास येतो. इंडक्शनला 16 अँपिअरचा, जाड पिनांचा सॉकेटच हवा, तोही थेट भिंतीतला. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच.

गिरगाव-लालबागच्या जुन्या खोल्यांत असा पॉइंट बहुधा एकच असतो आणि तो गीझरने अडवलेला असतो. अशा ठिकाणी इलेक्ट्रिशियनकडून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत स्वतंत्र जाड वायर आणि वेगळा एमसीबी घालून घ्यावा. तोपर्यंत गीझर आणि इंडक्शन एका वेळी चालवू नये. आणि घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनी चालू शेगडीजवळ उभं राहण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. साधारण दोन फूट अंतर ठेवायला सांगतात.

शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा कापड घालायची आपली सवय इथे महागात पडते. हवा आत ओढणारा पंखा शेगडीच्या पोटात असतो. कागद त्या जाळीला चिकटला की शेगडी तापून मधेच बंद पडते. भिंतीपासूनही चार बोटांपेक्षा जास्त जागा सोडावी.

चुंबक घेऊन भांडी तपासा

फ्रिजवरचा चुंबक काढा आणि घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून पाहा. बाजूला नव्हे, बुडाला. चुंबक घट्ट चिकटला तर भांडं चालेल. हळूच चिकटून घसरला तर भांडं तापेल, पण रडतखडत. चिकटलाच नाही तर विसरा.

या परीक्षेत जर्मनची पातेली, हिंडालियमच्या कढया, कल्हईची पितळी भांडी, तांब्याची भांडी, मातीची आणि काचेची भांडी सगळी नापास होतात. बुडाला तांब्याचा थर असलेली स्टीलची पातेली घरोघरी असतात, तीही बहुतेक नापासच. लोक खरे गोंधळतात ते साध्या स्टीलपाशी. स्टील म्हणजे लोखंडच, मग चुंबक का चिकटत नाही? कारण चांगल्या प्रतीच्या स्टीलमध्ये, ज्याला दुकानदार 304 किंवा 18/8 म्हणतात, निकेल असतं आणि ते स्टील जवळपास चुंबकाला दाद देत नाही. 430 नावाचं, निकेल नसलेलं स्टील मात्र चिकटतं. म्हणून आईने दिलेलं जुनं जाड पातेलं चालत नाही आणि रस्त्यावर घेतलेलं पातळ पातेलं चालतं, असा उलटा प्रकार घडतो.

पण चालतं म्हणजे चांगलं चालतं असं नाही. पातळ बुडाच्या स्टीलमध्ये उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. वेटोळ्याच्या वर जिथे क्षेत्र सगळ्यात जोरात असतं तिथे बुडाला एक गोल कडं तापतं आणि बाकीचं बूड मागे राहतं. पोहे परतताना तळाशी तपकिरी गोल उमटला तर तो याच कड्याचा ठसा. रव्याला, दुधाला, गुळाच्या पाकाला असं भांडं अजिबात नको. पाणी उकळायला, भाज्या वाफवायला ठीक.

विकत घ्यायचंच असेल तर माझ्या मते तीन भांडी पुरतात. पहिलं, तीन थरांचं म्हणजे ट्रायप्लाय पातेलं किंवा कढई. बाहेर चुंबकाला चिकटणारं स्टील, मधे अॅल्युमिनियम आणि आत निकेलचं स्टील. मधला थर उष्णता भराभर पसरवतो, त्यामुळे ते कडं उमटत नाही. दुसरं, सपाट बुडाचा लोखंडी किंवा बिडाचा तवा. तिसरा, इंडक्शन बुडाचा पाच लिटरचा कूकर. भुलेश्वरच्या बाजूला तांबाकाट्यावर भांड्यांच्या दुकानांत फिरताना खिशात चुंबक असू द्या आणि सोबत एक स्टीलची पट्टी. बुडावर पट्टी उभी धरून पाहा: मधे फट दिसली किंवा भांडं टेबलावर डुललं तर ते ठेवून द्या. गॅसवरचा खोलगट तवा याच कारणाने इंडक्शनवर निरुपयोगी. तो मधल्या टिकलीवर उभा राहतो आणि गरगर फिरतो.

अॅल्युमिनियमच्या काही भांड्यांच्या बुडात भोकाभोकांची स्टीलची चकती दाबून बसवलेली असते, ती मात्र इंडक्शनवर चालतात. फक्त ती चकती मोठी आहे का ते पाहावं. बूड वीतभर आणि चकती वाटीएवढी असेल तर फक्त मधला भाग तापणार. आणि जुनी भांडी वापरता यावीत म्हणून मधे ठेवायची जी लोखंडी चकती मिळते तिच्या नादी लागू नका. ती स्वतः भयंकर तापते, काचेला ताप देते, भांड्यापर्यंत थोडंच पोचवते.

फोडणीचं इवलंसं कढलं हा वेगळा प्रश्न. लोखंडाचं असलं तरी बूड साधारण बारा सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर शेगडीला ते भांडं वाटतच नाही. ती पीं पीं करत राहते आणि मिनिटभराने बंद होते. त्यामुळे फोडणी ज्या भांड्यात पदार्थ करायचा त्यातच आधी करावी.

आकडा म्हणजे आच नव्हे

गॅसवर आपण ज्योतीकडे पाहून ठरवतो. इथे 200 ते 2000 पर्यंत आकडे दिसतात आणि 400 म्हणजे मंद आच असेल असं वाटतं. बऱ्याच स्वस्त शेगड्यांत तसं नसतं. ठरावीक पातळीच्या खाली, साधारण 800 ते 1000 वॉटच्या खाली, त्यांना सलग कमी ताकद देता येत नाही. मग त्या काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद पूर्ण थांबतात, पुन्हा जोरात. सरासरी 400 येते, पण भांड्याच्या बुडाला मात्र मोठ्या आचेचे झटके बसतात. दूध 400 वरही का उतू जातं, याचं उत्तर यात आहे.

तुमची शेगडी कशी वागते हे पाहायला एकदा अर्धा तास द्या. चुंबक घट्ट चिकटणाऱ्या पातेल्यात एक लिटर पाणी घ्या. 1600 वर ठेवलं की मुंबईच्या नळाचं पाणी साधारण चार मिनिटांत उकळायला हवं. सहा-सात मिनिटं लागली तर भांडं कमी ताकद घेतंय असं समजा, म्हणजे बूड नीट चिकटणारं नाही किंवा फार लहान आहे. उकळी आली की आकडा एकेक पायरी खाली आणा आणि प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबून बुडबुडे पाहा. बुडबुडे सलग येत असतील तर ती पायरी खरी. पाणी एकदम खळबळून शांत होत असेल, पुन्हा खळबळत असेल आणि शेगडीची गुणगुणही तशीच थांबून-थांबून येत असेल, तर तिथून खाली झटके सुरू होतात. तो आकडा एका कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवा. सोबत हेही लिहा: कुठे पाणी नुसतं हलतं, कुठे बारीक उकळी टिकते, कुठे खळखळतं. हीच तुमची मंद, मध्यम आणि मोठी आच.

झटक्यांवर उपाय म्हणजे पुन्हा बूड. जाड बुडात उष्णता साठते, त्यामुळे वरच्या पदार्थाला झटके जाणवत नाहीत, सरासरीच पोचते. जाड भांडं नसेल आणि खीर आटवायची असेल तर सलग चालणाऱ्या सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून ढवळत राहणं हाच मार्ग. झटक्याच्या 300 पेक्षा सलग 800 वर हाताने सांभाळलेलं दूध कमी लागतं.

पॅनलवर दूध, डोसा, रस्सा अशी चित्रांची बटणं असतात. त्यांत काही जादू नसते. ठरावीक वॉट, ठरावीक वेळ आणि काही ठिकाणी तापमानाची मर्यादा एवढंच आधीच भरून ठेवलेलं असतं, तेही कारखान्यात कुठल्यातरी भांड्यावर बेतलेलं. तापमानाच्या बटणावरही फार विसंबू नका. तापमान मोजणारा सेन्सर काचेखाली मधोमध असतो. भांड्यातलं तेल किती तापलं हे त्याला उशिरा कळतं. तळणाचं तेल पाहायचं तर पिठाचा लहान गोळा टाकूनच पाहावं. वॉटच्या बटणावर शिकलात की बाकीची बटणं लागतही नाहीत.

एका शेगडीवर वरण, भात, काचऱ्या आणि पोळ्या

आता दोन माणसांचं रात्रीचं जेवण घेऊ. शेगडी एकच, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. अर्धी वाटी तूरडाळ अर्धा तास आधी भिजवा, कणीक मळून झाकून ठेवा आणि दोन बटाट्यांच्या पातळ काचऱ्या करून पाण्यात टाका.

पहिला कूकर. खाली दोन ग्लास पाणी, एका डब्यात डाळ आणि दीड वाटी पाणी, हळद, दोन थेंब तेल. दुसऱ्या डब्यात एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी. 1600 वर लावा. सात-आठ मिनिटांत पहिली शिट्टी होते. आता सगळ्यात मोठी चूक टाळायची. गॅसवर आपण शिट्ट्या मोजतो, पण शिट्टी हे काही शिजण्याचं माप नाही. ते आतली जास्तीची वाफ बाहेर पडण्याचं लक्षण आहे. इंडक्शनवर 1600 तसंच ठेवलं तर पुढच्या तीन शिट्ट्या दोन-तीन मिनिटांत उरकतात, चार मोजून आपण बंद करतो आणि डाळ टचटचीत राहते. डाळीला हवा असतो वाफेच्या दाबाखालचा वेळ. म्हणून पहिली शिट्टी झाली की 600 वर आणा आणि घड्याळ लावून बारा मिनिटं ठेवा. मधे एखादी शिट्टी होईल किंवा होणारही नाही. दोन्ही ठीक. कूकर फुसफुसायचा पूर्ण थांबला आणि शिट्टीचं वजन हलकंसंही हलत नसेल तर दाब उतरतोय, 800 करा.

बारा मिनिटांनी शेगडी बंद करून कूकर दोन्ही हातांनी उचला आणि बाजूला लाकडी पाटावर ठेवा. काचेवरून ओढू नका, चरे पडतात. वाफ आपोआप जिरू द्या. तेवढ्यात भाजी होते.

कढईत दोन मोठे चमचे तेल. इथे दुसरी चूक दबा धरून बसलेली असते. लवकर तापावं म्हणून 2000 वर ठेवून मोहरीचा डबा शोधायला वळलात तर पातळ कढईतलं तेल मिनिटाच्या आत धुरावतं. ज्योत दिसत नसल्याने हात आपोआप जपून वागत नाही. फोडणीसाठी 800 पुरे, आणि मोहरी, हिंग, हळद आधी हाताशी काढून ठेवा. दीड-दोन मिनिटांनी एक मोहरी टाका. ती लगेच तडतडली की बाकीची घाला. हळद टाकायच्या क्षणी कढई सरळ दोन बोटं वर उचला. भांडं काचेपासून दूर गेलं की ताकद तत्क्षणी थांबते. बटणं दाबत खाली येण्यापेक्षा हे जलद आणि हळद काळी पडत नाही. काही सेकंदांत परत ठेवलीत तर शेगडी पुन्हा त्याच आकड्यावर चालू होते.

पाणी निथळून काचऱ्या घाला, तिखट-मीठ घालून परता, झाकण ठेवून 600 वर सात-आठ मिनिटं. मग झाकण काढून 800 वर खरपूस करा. बाजूंना उष्णता नसल्याने कडेला चिकटलेल्या काचऱ्या कच्च्या राहतात. गॅसवरच्यापेक्षा जास्त वेळा कडेच्या काचऱ्या मधे आणि मधल्या कडेला कराव्या लागतात.

एव्हाना कूकर निवलेला असतो. डाळ घोटून घ्या. पातेल्यात चमचाभर तुपात जिरं आणि हिंग फोडणीला घाला, त्यावर डाळ ओता, मीठ आणि गूळ घालून 1000 वर उकळी येऊ द्या. घट्ट वरण तळाला पटकन धरतं, म्हणून उकळी फुटली की लगेच खाली उतरवा.

पोळ्या शेवटी, कारण त्या गरम हव्यात. तवा रिकामा ठेवून एकदम 2000 लावणं हा तवा वाकवायचा हमखास मार्ग आहे. बिडाचा असेल तर तडकूही शकतो. 800 वर तीन-चार मिनिटं तापवा, पाण्याचे थेंब शिंपडून पाहा. ते चुर्र करून नाचत उडाले की 1000 करा आणि पहिली पोळी टाका. तुमच्या शेगडीचं वेटोळं बहुधा वीतभरापेक्षा लहान असतं, त्यामुळे मोठ्या तव्याच्या कडा थंड राहतात. पोळी नेहमीपेक्षा थोडी लहान लाटा आणि भाजताना दोनदा फिरवा. ज्योतीवर फुलका फुगवता येत नाही ही खरीच उणीव. दोन्ही बाजूंना बारीक डाग आल्यावर सुती फडक्याची घडी करून कडांवरून दाबत गेलं की वाफ आत सरकते आणि पोळी तव्यावरच फुगते. भाकरीलाही हेच, फक्त पाणी लावलेली बाजू नीट सुकेपर्यंत उलटायची घाई करू नये. चार-पाच पोळ्यांनंतर डाग काळे पडू लागले तर 800 वर या. मधेच गुणगुण थांबली आणि तवा निवायला लागला तर अति तापल्यामुळे शेगडीने स्वतःला अडवलेलं असतं. तवा दोन मिनिटं उचलून ठेवा, पुन्हा चालू होते.

हे सगळं सव्वा तासात होतं. विजेचा हिशेबही सोपा आहे: 1000 वॉट एक तास चालले की एक युनिट. कूकरला पाव युनिटाहून थोडी जास्त, काचऱ्यांना आणि वरणाला मिळून तेवढीच आणि पोळ्यांना वीस मिनिटांत तेवढीच वीज लागते. एकूण साधारण एक युनिट. तुमच्या बिलावर जो दर आणि स्लॅब असेल त्याने गुणा. महिन्याचे युनिट वरच्या स्लॅबमध्ये सरकत असतील तर हा एक युनिट महाग पडू शकतो, हेही पाहा.

चहा, दूध आणि साफसफाई

चहासाठी इंडक्शनसारखं सुख नाही. पाणी, साखर, आलं 1600 वर उकळा, दूध घालण्याआधी 800 करा. उतू येऊ लागलं की पातेलं उचला, फेस लगेच बसतो. दूध तापवताना मात्र पातेलं अर्धंच भरा, बुडात आधी दोन चमचे पाणी फिरवून घ्या आणि पहिल्या उकळीपर्यंत तिथून हलू नका.

काचेवर साखरेचा पाक किंवा दूध सांडलं तर भांडं बाजूला करून, शेगडी बंद करून, काच हाताला सोसवेल एवढी झाली की लगेच ओल्या फडक्याने पुसा. पाक कडक झाला की निघता निघत नाही. तारेची घासणी लावू नका. काम झाल्यावर पंखा थोडा वेळ चालू राहतो, तो थांबेपर्यंत सॉकेटचं बटण बंद करू नये. आतला भाग तो निववत असतो. काचेला बारीकशीही भेग दिसली तर त्या शेगडीवर पुढचं पाणी ठेवू नका. भेगेतून ओल विजेपर्यंत जाते.

आणि मुंबईचा खास शत्रू म्हणजे झुरळ. शेगडीच्या पोटात ऊब असते, अंधार असतो आणि जाळीतून आत शिरायला जागा असते. आतल्या सर्किटवर झुरळं मरून पडली की शेगडी बिनकारण चुकीचे कोड दाखवते किंवा एक दिवस चालूच होत नाही. रात्री काम संपून शेगडी पूर्ण निवल्यावर प्लग काढा, ओट्यावरून उचलून कोरड्या कपाटात आडवी ठेवा आणि महिन्यातून एकदा खालच्या जाळीवरची धूळ व तेलकट थर कोरड्या ब्रशने झाडा. पावसाळ्यात ती खिडकीखालच्या ओट्यावर उघडी राहू देऊ नका.